देणं कोणत्या चलनात मोजायचं?

परदेशातल्या हॉटेलात बिल टेबलावर आलं, की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोक्यात एक गुणाकार आपोआप सुरू होतो. डॉलर असेल तर गुणिले डॉलरचा दर, पौंड असेल तर गुणिले पौंडाचा. पहिले काही दिवस हा गुणाकार चहाच्या कपापासून बसच्या तिकिटापर्यंत सगळीकडे चालतो, मग हळूहळू सवय होते आणि तो मागे पडतो. पण टीप द्यायची वेळ आली, की तो पुन्हा उसळी मारून वर येतो. मला हे नेहमी विचित्र वाटत आलं आहे, कारण अख्ख्या बिलात रुपयांत रूपांतर करण्याची ज्याला मुळीच गरज नाही असा एकच आकडा असतो, आणि तो म्हणजे टीप.

टक्केवारीला चलन नसतं. ९६ डॉलरचे वीस टक्के १९ डॉलर २० सेंट होतात. तेच ९६ डॉलर ८५ च्या दराने रुपयांत नेले तर ८,१६० रुपये होतात, आणि त्यांचे वीस टक्के १,६३२ रुपये. दोन्ही एकच. म्हणजे टीप काढण्यासाठी रुपयांत जाऊन काहीही नवं कळत नाही. तरीही आपण जातो, कारण आपल्याला टीप काढायची नसते. ‘एवढी द्यायची का?’ हा प्रश्न पुन्हा उघडायचा असतो. १९ डॉलर हा आकडा मुकाट बसलेला असतो, १,६३२ रुपये मात्र बोलायला लागतात. ते म्हणतात, एवढ्यात पुण्यात चांगल्या हॉटेलात तिघांचं जेवण होतं.

तर प्रश्न असा, की हे रुपये जे बोलतात ते टीप ठरवताना ऐकून घ्यावं की नाही? वरवर क्षुल्लक वाटणारा हा प्रश्न मी बऱ्याच वर्षांत बऱ्याच टेबलांवर ऐकला आहे, आणि त्याच्या मुळाशी न्यायाबद्दलचा एक खरा पेच आहे असं माझं मत झालं आहे.

मी न्यू जर्सीत राहते. मे महिन्यात आमच्याकडे पाहुणे येण्याचा हंगाम सुरू होतो. २०२५ च्या मे महिन्यात मामा-मामी आले होते. मामा बँकेतून निवृत्त झालेले, आकडेमोड तोंडी आणि पक्की. आम्ही तिघं एका साध्याशा इटालियन हॉटेलात जेवलो आणि बिल मीच देणार असा त्यांनी हट्ट धरला. जेवणाचे ९६ डॉलर, त्यावर ६.६२५ टक्के विक्रीकर ६ डॉलर ३६ सेंट, एकूण १०२ डॉलर ३६ सेंट. मी म्हणाले, ‘‘मामा, इथे एक सोपी युक्ती आहे. कराची रक्कम तिप्पट करायची, साधारण वीस टक्के येतात.’’ (नदीपलीकडे न्यूयॉर्क शहरात कर ८.८७५ टक्के आहे, म्हणून तिथले लोक दुप्पट करतात आणि पावणेअठरा टक्क्यांवर येतात.) मामांनी तिप्पट केली, १९ डॉलर ८ सेंट. मग क्षणभर थांबून म्हणाले, ‘‘अगं, सोळाशे रुपये झाले हे! पाच डॉलर ठेवू. सव्वाचारशे रुपये. आपल्याकडे कुणी देतं का एवढी?’’

मामा कंजूष नाहीत. दिवाळीला पोस्टमनपासून कचरा नेणाऱ्या बाईपर्यंत प्रत्येकाला पोस्त देणारा, आणि पाकिटात नवी नोट घालून देणारा हा माणूस आहे. म्हणूनच त्यांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्यांच्या मते ते सव्वाचारशे रुपये देत होते, आणि सव्वाचारशे रुपये ही भरघोस बक्षिसी आहे. त्यांच्या औदार्यात काहीच कमी नव्हतं. प्रश्न होता तो त्या पाच डॉलरचं त्या वेटरकडे पोचल्यावर काय होतं हा.

ते पाहायचं तर वेटरचा पगार कसा बनतो हे पाहायला हवं. अमेरिकेतल्या संघराज्याच्या कायद्यानुसार, टिपा मिळवणाऱ्या कामगाराला मालकाने स्वतःच्या खिशातून तासाला किमान २ डॉलर १३ सेंट द्यावे लागतात. हा आकडा १९९१ पासून बदललेला नाही. सर्वसाधारण किमान वेतन ७ डॉलर २५ सेंट आहे, आणि मधली तफावत गिऱ्हाइकांच्या टिपांनी भरून निघते असं कायदाच गृहीत धरतो. टेक्सससारख्या राज्यांत आजही हेच आकडे लागू आहेत. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत ही सवलत नाही; तिथे मालकाला पूर्ण किमान वेतन द्यावंच लागतं आणि टिपा वर मिळतात. न्यू जर्सी या दोघांच्या मध्ये आहे. २०२५ मध्ये इथलं किमान वेतन तासाला १५ डॉलर ४९ सेंट होतं, पण वेटरला मालकाने रोख ५ डॉलर ६२ सेंट दिले तरी चालत होतं. उरलेले ९ डॉलर ८७ सेंट टिपांतून आले असं मानायचं.

टिपा कमी पडल्या तर फरक मालकाने भरायचा, हेही कायद्यात आहे. पण तो हिशोब आठवड्याचा असतो. शनिवारची गर्दी मंगळवारचा खड्डा भरून काढते, आणि एका टेबलाने कमी दिलं म्हणून मालक काही त्या टेबलापुरते पैसे काढून देत नाही. ते कमी पडलेले पैसे वेटरच्याच आठवड्यातून जातात.

आता मामांचे पाच डॉलर घेऊ. आम्ही दीड तास बसलो होतो, आणि आमच्या वेटरकडे आमच्यासकट चार टेबलं होती. त्या दीड तासात किमान वेतनातला जो भाग टिपांतून यायला हवा तो १४ डॉलर ८० सेंट. चार टेबलांत वाटला तर आमच्या वाट्याला ३ डॉलर ७० सेंट. हे झालं एक. दुसरं असं, की टीप एकट्या वेटरची नसते. टेबल आवरणारा मुलगा, बारवरचा माणूस यांचा त्यात वाटा असतो, आणि अनेक हॉटेलांत हा वाटा मिळालेल्या टिपेवर न काढता विक्रीवर काढतात. समजा तो चार टक्के आहे. मग ९६ डॉलरवर ३ डॉलर ८४ सेंट वेटरने पुढे द्यायचे, आम्ही काहीही ठेवलं तरी. पाच डॉलरमधून ते वजा केले तर त्याच्या हातात उरतात १ डॉलर १६ सेंट. किमान वेतनासाठीच ३ डॉलर ७० सेंट हवे होते. मामांच्या नजरेतली भरघोस बक्षिसी तिथे पोचेपर्यंत तूट झालेली असते.

मी हे सगळं मामांना कागदी रुमालावर मांडून दाखवलं. बँकेतल्या माणसाला आकडे पटतात, पण तो त्यातली फट लगेच शोधतो. ते म्हणाले, ‘‘म्हणजे तुझ्याच हिशोबाने साडेसात डॉलरमध्ये माझं देणं फिटतं. ३.७० अधिक ३.८४. आठ टक्के. मग वीस कशाला?’’

हा आक्षेप मला फार महत्त्वाचा वाटतो. टिपेच्या बाजूने बोलणारे बहुतेक लोक २ डॉलर १३ सेंटचा आकडा सांगून थांबतात, आणि ऐकणारा गप्प होतो. पण कायद्याने घातलेली तळरेषा वीस टक्क्यांपर्यंत नेत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केलं पाहिजे. त्यापुढे जायचं तर दुसरं कारण द्यावं लागतं.

ते कारण माझ्या मते मेनूकार्डावरच्या किमतीत आहे. ती किंमत ठरवताना मालकाने वेटरचा पगार जवळजवळ धरलेलाच नसतो. त्याने वेटरला नोकरीवर घेताना दोघांनाही माहीत असतं, की इथले लोक पंधरा ते वीस टक्के ठेवतात. त्याच अंदाजावर वेटर ५ डॉलर ६२ सेंटला ‘हो’ म्हणतो, आणि त्याच अंदाजावर पास्त्याची किंमत २० डॉलर छापली जाते. प्रथा नसती तर ती २३-२४ छापावी लागली असती. म्हणजे आपण जी कमी किंमत वाचून आत शिरलो, तीच मुळी ही प्रथा पाळली जाईल या भरवशावर छापलेली आहे. कमी किमतीचा फायदा घ्यायचा, आणि ती ज्या भरवशावर कमी ठेवली तो मात्र नाकारायचा, हे दुकानदाराने वजनात सूट दिली म्हणून पैसेही कमी देण्यासारखं आहे. वेटर आणि मालक यांच्यातल्या करारात तिसरी सही आपली असते. आपण ती खुर्चीवर बसताना केलेली असते.

इथे मला आपल्या भाषेतला एक शब्द उपयोगी पडतो. मराठीत ‘देणं’ म्हणजे कर्ज, आणि ‘देणं’ म्हणजे देण्याची क्रियाही. वाण्याचं देणं आणि देवाचं देणं आपण एकाच शब्दाने बोलतो. पण दोन्हींत मोजण्याची रीत अगदी वेगळी आहे. देणगी किंवा बक्षीस देताना देणाऱ्याची ऐपत मोजायची असते. गरिबाने टाकलेला रुपया श्रीमंताच्या शंभराइतका मानावा, हे आपल्याला सहज पटतं. कर्जात मात्र देणाऱ्याची ऐपत पाहून रक्कम बदलत नाही. माझा पगार कमी आहे म्हणून वाण्याचं बिल कमी होत नाही. फार तर मी पुढच्या महिन्यात कमी सामान भरीन.

रुपयांत रूपांतर केल्याने एकच गोष्ट कळते: ही रक्कम मला किती जड आहे. बक्षीस ठरवताना ही माहिती अगदी योग्य आहे. कर्ज फेडताना ती गैरलागू आहे. मामांना हे सांगताना मला फार बोलावं लागलं नाही. ते स्वतःच म्हणाले, ‘‘म्हणजे डॉलरमधलं कर्ज. ते डॉलरमध्येच फेडायचं. दर वर गेला तर ते ज्याने कर्ज घेतलं त्याचं दुखणं.’’ बँकेत त्यांनी आयुष्यभर हेच केलं होतं.

मग ते लगेच दुसरं बोलले, आणि तेही खरं होतं. ‘‘पण माझं पेन्शन रुपयांत आहे, ते मी कुठे मोजायचं?’’

उत्तर सोपं आहे: दारात. हॉटेलात शिरण्यापूर्वी, बाहेर लावलेलं मेनूकार्ड वाचताना. रूपांतराची खरी जागा ती आहे, कारण तिथे निर्णय अजून आपल्या हातात असतो, आणि ‘परवडत नाही’ म्हणून शेजारच्या दुकानातून सँडविच घेतलं तर कुणावर अन्याय होत नाही. मात्र तिथे पूर्ण किंमत रूपांतरित करायला हवी. मेनूवरचा एक डॉलर हा ८५ रुपयांचा नसतो. त्यात न्यू जर्सीचा कर ६.६२५ टक्के आणि टीप वीस टक्के मिळवली, की तो १०७-१०८ रुपयांचा होतो. भारतीय क्रेडिट कार्ड वापरलं तर अनेक कार्डांवर परकीय चलनासाठी साडेतीन टक्क्यांपर्यंत आकार लागतो आणि त्या आकारावर जीएसटी. म्हणजे ११२ रुपये. म्हणून माझा तोंडी हिशोब असा: मेनूवरच्या आकड्यापुढे दोन शून्यं लावायची आणि वर एक दशांश. २० डॉलरचा पास्ता म्हणजे दोन हजार दोनशे रुपये. हे पटलं तर बसायचं. दर ८५ वरून सरकला की ही युक्तीही त्याच प्रमाणात सरकवायची. असं दारात केलं, की बिल आल्यावर रुपयांना बोलायला काही उरत नाही.

टेबलावर मग करण्याजोगं काम एवढंच, की बिल नीट वाचायचं. सहा किंवा जास्त माणसं असली तर अनेक हॉटेलं अठरा-वीस टक्के ‘ग्रॅच्युइटी’ आधीच लावतात, आणि खाली टिपेसाठी रिकामी ओळही ठेवतात. न वाचता भरली तर दोनदा दिली जाते. ‘सर्व्हिस चार्ज’ असा शब्द असेल तर तो अमेरिकेच्या करखात्याच्या दृष्टीने टीप नसतो, हॉटेलचं उत्पन्न असतं, आणि त्यातलं वेटरला किती द्यायचं हे मालक ठरवू शकतो. ‘हे तुम्हाला मिळतं का?’ असं वेटरला सरळ विचारावं. उत्तर खरं मिळतं. कार्डयंत्राच्या पडद्यावर सुचवलेले टक्के बरेचदा करासकट रकमेवर काढलेले असतात. आमच्या बिलात तो फरक सव्वा डॉलरचा होता. भांडण्याजोगा नाही, पण माहीत असावा. आणि यंत्राने ‘रुपयांत भरता का?’ असं विचारलं तर नाही म्हणावं, कारण तो दर जवळजवळ नेहमीच आपल्या बँकेच्या दरापेक्षा महाग पडतो. शेवटचं म्हणजे, बँकेचा पहिला संदेश बहुधा टिपेशिवायच्या रकमेचा येतो आणि दोन-चार दिवसांनी टीप मिळवलेली रक्कम खात्यावर दिसते. ते पाहून फसवणूक झाली असं वाटून घेऊ नये. कागदावर लिहिलेल्या एकूण रकमेशी ताडून पाहावं.

‘ही पद्धतच अन्यायाची आहे, मी टीप देऊन ती का टिकवू?’ असंही काही जण विचारतात, आणि पहिल्या अर्ध्या भागाशी मी सहमत आहे. मालकाचं पगारपत्रक गिऱ्हाइकाच्या मर्जीवर टाकणं चांगलं नाही. पण टीप न ठेवल्याने मालकाला काही कळतही नाही. जेवणाचे ९६ डॉलर त्याला पूर्ण मिळतात. निषेधाचा भुर्दंड पडतो तो त्या व्यवस्थेत सर्वांत कमी बळ असलेल्या माणसावर. ज्यांना निषेधच करायचा आहे त्यांच्यासाठी टीप न घेणारी, पूर्ण पगार देऊन किमती वाढवणारी हॉटेलं आहेत. तिथे जाऊन महागडा पास्ता खाणं हा निषेध योग्य पत्त्यावर पोचतो.

अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट फ्रँक यांनी १९८८ च्या ‘पॅशन्स विदिन रीझन’ या पुस्तकात दूरच्या गावातल्या, पुन्हा कधी जाणार नाही अशा हॉटेलातल्या टिपेचं उदाहरण घेतलं आहे. नेहमीच्या हॉटेलात टीप ठेवण्यात स्वार्थही असतो, पुढच्या वेळी चांगली सेवा मिळते. जिथे परत जायचंच नाही तिथे असा कोणताही स्वार्थ नाही, तरी माणसं ठेवतात. पर्यटक नेमका याच जागी असतो. त्याला कुणी ओळखत नाही, वेटर त्याच्यामागे धावत येणार नाही. अशा वेळी रुपयांचा गुणाकार फार सोयीचा वकील ठरतो, कारण तो आपल्याला कमी द्यायला सांगताना ‘तू उदारच आहेस’ असंही सांगतो.

हे सगळं अमेरिकेचं झालं. देणं कुठे आहे हे देशागणिक बदलतं आणि ते आधी माहीत करून घ्यावं लागतं. फ्रान्समध्ये छापील किमतीत सेवेचा आकार धरलेलाच असतो. वर दोन-तीन युरो ठेवले तर ते बक्षीस. जपानमध्ये टीप ठेवलीत तर राहून गेलेले पैसे समजून ते परत करायला येतील. ब्रिटनमध्ये बिलावर बहुधा साडेबारा टक्के ऐच्छिक आकार छापलेला असतो, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यामुळे तो पूर्णपणे कामगारांना द्यावा लागतो. तेवढं भरलं की देणं संपलं. ज्या देशात देणं किमतीतच फिटलेलं आहे, तिथे आपण जे देतो ते बक्षीस, आणि तिथे रुपयांत मोजून आपल्या ऐपतीने द्यायला काहीच हरकत नाही.

हाच नियम उलट्या दिशेनेही लावून पाहता येतो. इथून गोव्याला सुट्टीवर गेलेली आमची मंडळी बाराशेच्या बिलावर पाचशे रुपये ठेवतात आणि म्हणतात, सहा डॉलर तर आहेत. तेही रूपांतरच आहे, फक्त त्याने रक्कम फुगण्याऐवजी आक्रसते. त्यात अन्याय होत नाही, कारण तिथे टीप हे कर्ज नाही. २०२२ च्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार हॉटेल सेवाशुल्क आपोआप लावू शकत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या सूचना उचलून धरल्या. ते पाचशे रुपये शुद्ध बक्षीस आहेत आणि देणाऱ्याने स्वतःच्या ऐपतीने मोजलेत, ठीकच आहे. मला खटकतं ते एवढंच, की गोव्यात डॉलरमध्ये मोजून दानशूर होणारा माणूस कधीकधी न्यू जर्सीत आईवडिलांसोबत बसला, की रुपयांत मोजून हात आखडतो. दोन्ही वेळा तो स्वतःला सोयीचं चलन निवडतो.

आमच्याकडे अनेक घरांत यावर एक गुपचूप तोडगा असतो: वडीलधाऱ्यांना बिल देऊ द्यायचं, त्यांनी ठेवलेली टीप पाहायची आणि निघताना काहीतरी विसरल्याचं निमित्त करून परत जाऊन वर पंधरा डॉलर ठेवायचे. वेटरचं नुकसान होत नाही, मोठ्यांचा मान राहतो. तरी मला तो पटत नाही. त्यात आपण असं धरून चालतो, की कारण सांगितलं तरी या माणसाला पटणार नाही. मामांना पटलं होतं, तेही संपूर्ण नाही. वीस टक्के नक्की कुठून आले, हे ते शेवटपर्यंत विचारत राहिले, आणि माझ्यापाशी त्याचं नेमकं उत्तर नाही. माझ्या हिशोबाने या प्रथेचं खालचं टोक, म्हणजे पंधरा टक्के, हे कर्ज आहे. तिथून वीसपर्यंतची पट्टी बक्षिसाची आहे, आणि तिथे ज्याचं पेन्शन रुपयांत आहे त्याने रुपयांत विचार केला तर त्याला मी काही म्हणणार नाही. मामांनी त्या दिवशी सोळा डॉलर लिहिले. पंधरा टक्क्यांचे १४.४० आणि वर, त्यांच्याच शब्दांत, ‘‘पोरगं हसतमुख होतं म्हणून.’’